देहान्त शिक्षा आणि दुर्मिळातील दुर्मिळ तत्त्व

देहान्त शिक्षा म्हणजे अपराध सिद्ध झाल्यावर न्यायालयाच्या आदेशाने अपराध्यास दिला जाणारा मृत्युदंड. भारतात ती सामान्यतः फाशी देऊन अंमलात आणली जाते. खुनाच्या अपराधास कायद्याने जन्मठेप किंवा देहान्त अशा दोन पर्यायी शिक्षा ठेवल्या आहेत. त्यांपैकी जन्मठेप हा नियम व देहान्त हा अपवाद असून, जेथे दुसरा पर्याय निर्विवादपणे निरुपयोगी ठरतो अशा ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणीच हा अपवाद करावा, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली घालून दिले. हे तत्त्व उच्चारावयास सोपे, परंतु लागू करावयास कठीण आहे. त्याचे कारण असे, की अपराधाची सर्व माहिती अभियोग पक्ष न्यायालयापुढे आणतो; अपराध्याच्या आयुष्याची माहिती मात्र पुष्कळदा कोणीच आणीत नाही. नागपूर येथील एका खटल्याच्या सतरा वर्षांच्या वाटचालीत ही अडचण स्पष्टपणे दिसून येते.

कायद्याची वाटचाल : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, ज्या अपराधास देहान्त शिक्षा देता येत होती तेथे न्यायाधीशाने ती न दिल्यास त्याची कारणे लिहावी लागत. म्हणजेच त्या काळी देहान्त हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद होता. १९५५ च्या दुरुस्ती अधिनियमाने ही तरतूद काढून टाकली व दोन्ही शिक्षा समान पातळीवर आल्या. १९७३ च्या नव्या संहितेने हे पारडे पूर्णपणे उलटविले. तिच्या कलम ३५४ (३) अन्वये देहान्त शिक्षा देताना न्यायाधीशाने ‘विशेष कारणे’ नमूद करणे आवश्यक झाले. याच संहितेच्या कलम २३५ (२) ने आणखी एक महत्त्वाचा बदल केला. आरोपी दोषी ठरल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर त्याचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घेतले पाहिजे, असा नियम तीत आला. दोष कोणाचा हा एक प्रश्न आणि दोषी व्यक्तीस कोणती शिक्षा योग्य हा दुसरा प्रश्न, हा भेद त्यामुळे कायद्याने मान्य केला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या दोन्ही तरतुदी अनुक्रमे कलम ३९३ (३) व कलम २५८ (२) म्हणून कायम ठेवण्यात आल्या आहेत.

बच्चन सिंग निर्णय : विशेष कारणे कोणती, याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या निरनिराळ्या पीठांत मतभेद झाले. तेव्हा हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपविण्यात आला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हे त्या पीठाचे प्रमुख होते. ९ मे १९८० रोजी पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने देहान्त शिक्षा घटनाबाह्य नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती प. न. भगवती यांनी असहमती दर्शविली व तिची कारणे १९८२ मध्ये दिली. न्यायाधीशाच्या वैयक्तिक प्रवृत्तीवर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून राहील, हा त्यांच्या असहमतीतील प्रमुख आक्षेप होता.

या सुनावणीत ज्येष्ठ अधिवक्ता डॉ. य. शं. चितळे यांनी न्यायालयापुढे दोन याद्या मांडल्या. पहिल्या यादीत अपराधाची गंभीरता वाढविणाऱ्या गोष्टी होत्या. त्यांना येथे गंभीरकारी परिस्थिती असे म्हटले आहे. पूर्वनियोजित व अत्यंत क्रूर हत्या, असाधारण नीचता प्रकट करणारी हत्या, कर्तव्य बजावीत असलेल्या लोकसेवकाची वा पोलिसाची हत्या इत्यादींचा तीत समावेश होता. दुसरी यादी शिक्षा सौम्य करण्यास कारण होणाऱ्या गोष्टींची, म्हणजे सौम्यकारी परिस्थितीची होती. तीव्र मानसिक वा भावनिक क्षोभ, आरोपीचे कोवळे किंवा उतार वय, दुसऱ्याचा दबाव किंवा वर्चस्व, मानसिक दुर्बलता आणि आपण करतो ते नैतिक दृष्ट्या योग्य आहे अशी आरोपीची समजूत या बाबी तीत येत. त्यांखेरीज आणखी दोन बाबी होत्या : आरोपीकडून समाजाला पुढेही हिंसेचा धोका राहणार नाही अशी शक्यता आणि तो सुधारून समाजात पुन्हा सामावला जाण्याची शक्यता.

न्यायालयाने या दोन याद्यांकडे सारख्या दृष्टीने पाहिले नाही. गंभीरकारी परिस्थितीची यादी सर्वसाधारणपणे मान्य करून तिच्या चौकटीत न्यायाधीशाचा विवेक बांधून टाकण्यास मात्र त्याने नकार दिला. याउलट सौम्यकारी परिस्थिती निःसंशय प्रस्तुत असून तिला मोठे वजन दिले पाहिजे व तिचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे म्हटले. डॉ. चितळे यांच्या यादीतील पुढील हिंसेचा धोका आणि सुधारणेची शक्यता यांविषयीच्या दोन बाबींना एक महत्त्वाची पुस्ती जोडलेली होती. आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे व तो समाजाला कायमचा धोका आहे, हे शासनाने पुराव्यानिशी सिद्ध करावे, अशी ती पुस्ती होय. पुढील सर्व वादाचे बीज या एका वाक्यात आहे. कारण त्याने पुराव्याचे ओझे आरोपीवर न टाकता शासनावर टाकले.

तुलनेची अडचण : १९८३ मध्ये मच्छी सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुर्मिळातील दुर्मिळ अपराध ओळखण्यासाठी पाच निकष दिले : हत्येची रीत, हेतू, अपराधाचे समाजविघातक स्वरूप, त्याची व्याप्ती आणि बळी पडलेल्या व्यक्तीची असहायता वा तिचे स्थान. गंभीरकारी व सौम्यकारी बाबींचा ताळेबंद मांडून समतोल पाहावा, असेही त्यात सांगितले. हा निर्णय बच्चन सिंग निर्णयाचेच स्पष्टीकरण करू पाहत होता. परंतु त्यातील पाचही निकष अपराध आणि बळी यांच्याशी संबंधित आहेत; आरोपीविषयी त्यांत एकही नाही. ताळेबंदाची एक बाजू अशा रीतीने आधीच भरून येते, तर दुसरी बाजू कोणी भरली नाही तर कोरीच राहते.

या कलाचे टोक १९९६ च्या रावजी प्रकरणात गाठले गेले. शिक्षा ठरविताना अपराधाचे स्वरूप महत्त्वाचे, अपराध्याचे नव्हे, असे त्यात प्रतिपादन झाले व पुढील काही निर्णयांनी त्याचे अनुसरण केले. पुणे येथे खंडणीसाठी झालेल्या एका खुनाच्या प्रकरणात, संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००९ च्या निर्णयात, न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांच्या पीठाने रावजी निर्णय घटनापीठाच्या मताविरुद्ध असल्याने चुकीचा ठरविला. मात्र रावजी प्रकरणातील आरोपीस १९९६ मध्येच फाशी देण्यात आली होती. इतर शिक्षांच्या बाबतीत चूक नंतर अंशतः तरी दुरुस्त करता येते. येथे तसे करता येत नाही. म्हणूनच निर्णयाच्या पद्धतीला इतके महत्त्व प्राप्त होते.

नागपूरचा खटला : एप्रिल २००८ मध्ये नागपूर परिसरात चार वर्षांच्या एका बालिकेचे शेजारी राहणाऱ्या वसंता संपत दुपारे याने खाऊचे आमिष दाखवून अपहरण केले आणि तिच्यावर बलात्कार करून दगडाने ठेचून तिला ठार मारले. परिस्थितिजन्य पुराव्यावर तो दोषी ठरला. २०१२ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला देहान्त शिक्षा दिली. सत्र न्यायालयाने दिलेली अशी शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. त्यानुसार मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती त्याच वर्षी कायम केली. २६ नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. बालिकेची असहायता, शेजाऱ्यावरील विश्वासाचा घात, कृत्यातील क्रौर्य आणि पश्चात्तापाचा अभाव या गंभीरकारी बाबी न्यायालयाने नोंदविल्या. सुधारणेची शक्यता मानावी असे काही त्याच्यापुढे आलेले नव्हते.

याच सुमारास प्रक्रियेत एक बदल झाला. २ सप्टेंबर २०१४ च्या मोहम्मद आरिफ निर्णयाने देहान्त शिक्षेच्या प्रकरणांत पुनर्विलोकन अर्ज न्यायाधीशांच्या दालनात केवळ कागदपत्रांवरून निकालात न काढता तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे खुल्या न्यायालयात ऐकावा, असे ठरविले. त्यामुळे दुपारे याच्या अर्जावर प्रत्यक्ष सुनावणी झाली व आरोपीच्या आयुष्याविषयी काही कागद प्रथमच न्यायालयापुढे आले. तुरुंगात असताना त्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पदवीपूर्व तयारीचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, गांधीविचार परीक्षा दिली होती आणि चित्रकला स्पर्धेत भाग घेतला होता. ३ मे २०१७ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. या गोष्टी विचारात घेऊनही गंभीरकारी परिस्थितीचे पारडे जडच राहते, असे त्याचे मत पडले. २०२३ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज नामंजूर केला. दोष आणि शिक्षा हे दोन्ही प्रश्न तेथे संपल्यासारखे दिसत होते.

या टप्प्यावर काय घडले व काय घडले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. न्यायालयाने सौम्यकारी परिस्थितीकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. जे पुढे आले त्याचा विचार त्याने केला. परंतु जे आले ते तुरुंगातील तीन प्रमाणपत्रांपुरते होते. आरोपीचे बालपण कसे गेले, कुटुंबात काय घडले होते, त्याची मानसिक प्रकृती कशी होती, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांचे त्याच्याविषयी काय मत होते, यांविषयी तज्ज्ञाचा वा अधिकाऱ्याचा रीतसर अहवाल मागविलेला नव्हता. सुधारणेची शक्यता नाही, हे शासनाने पुराव्यानिशी दाखविण्याऐवजी, ती आहे हे दाखविण्याचे ओझे व्यवहारात आरोपीवरच आले.

मनोज निर्णय व त्याचा परिणाम : २० मे २०२२ रोजी मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती उ. उ. लळित, एस. रवींद्र भट व बेला त्रिवेदी यांच्या पीठाने ही उणीव दूर करण्यासाठी कार्यपद्धती घालून दिली. तीनुसार खटल्याच्या टप्प्यावरच शासनाने आरोपीचे वय, लहानपणीची कौटुंबिक परिस्थिती, हिंसेचा किंवा उपेक्षेचा इतिहास, शिक्षण, आर्थिक व सामाजिक स्थिती, पूर्वीचे अपराध, व्यवसाय आणि मानसिक आजार यांविषयीची माहिती सादर करावयाची आहे. तिच्या जोडीला मानसशास्त्रीय तपासणीचा अहवाल असावा. तुरुंगातील वर्तन, तेथे केलेले काम व शिक्षण यांविषयी कारागृहाचा अहवालही मागविला जातो. आरोपीच्या पक्षाला ही माहिती खोडून काढण्याची वा पुरविण्याची संधी मिळते.

दुपारे याच्या बाबतीत ही पद्धत उशिरा आली होती. तेव्हा त्याने घटनेच्या अनुच्छेद ३२ अन्वये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शिक्षा अंतिम झाल्यावर नंतरच्या निर्णयाचा लाभ देता येतो काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. असा लाभ सरसकट दिल्यास कोणताच निकाल कधी अंतिम होणार नाही, ही शंका निराधार नव्हे. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ, संजय करोल व संदीप मेहता यांच्या पीठाने निर्णय दिला. देहान्त शिक्षेच्या प्रकरणात मनोज निर्णयातील संरक्षणे पाळली गेली नसतील, तर अनुच्छेद ३२ खाली शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येतो, असे त्याने ठरविले. मात्र हा अधिकार अपवादात्मक असून जेथे या संरक्षणांचा स्पष्ट भंग झाला आहे तेथेच तो वापरावा, अशी मर्यादाही घातली. दुपारे याची दोषसिद्धी कायम राहिली. शिक्षेचा प्रश्न मात्र नव्या सुनावणीसाठी खुला करण्यात आला.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आरोपी निर्दोष आहे किंवा अपराध कमी भयानक होता, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. त्याला जन्मठेपच द्यावी, असेही नाही. नव्या माहितीनंतर देहान्त शिक्षा पुन्हा योग्य ठरू शकते. ताळेबंदाची एक बाजू न भरता काढलेली बाकी ग्राह्य धरता येत नाही, एवढेच या निर्णयाने सांगितले. बालिकेच्या कुटुंबीयांच्या दृष्टीने पाहिल्यास या दीर्घ प्रक्रियेची मोठी किंमत त्यांना मोजावी लागली, हेही खरे आहे. आरोपीविषयीची माहिती सत्र न्यायालयातच गोळा झाली असती, तर सतरा वर्षांनंतर हा प्रश्न पुन्हा उपस्थित होण्याचे कारण उरले नसते.

नागपूरच्याच दुसऱ्या एका खटल्याशी तुलना केल्यास मधल्या मार्गाचे स्वरूप कळते. २०१४ मध्ये शहरातील एका आठ वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण करून खून करण्यात आला. २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने दोन तरुण आरोपींना देहान्त शिक्षा दिली व नागपूर खंडपीठाने ती कायम केली. २४ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा जन्मठेपेवर आणली, परंतु पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांना सोडू नये असे बंधन घातले. अशा निश्चित मुदतीच्या जन्मठेपेचा पर्याय स्वामी श्रद्धानंद प्रकरणातील २००८ च्या निर्णयाने उपलब्ध करून दिला होता. त्यापूर्वी न्यायाधीशापुढे पुष्कळदा दोनच टोके असत : फाशी, किंवा चौदा वर्षांनंतर सुटकेची शक्यता असलेली जन्मठेप. दुसरी शिक्षा अपुरी वाटल्याने पहिलीकडे कल होई. पर्याय ‘निर्विवादपणे निरुपयोगी’ आहे काय, या बच्चन सिंग निर्णयातील कसोटीचे उत्तर त्यामुळे बदलले.

तुलनेची चिकित्सा : गंभीरकारी व सौम्यकारी परिस्थिती एकाच तराजूत घालता येतात काय, याविषयीही शंका घेतली गेली आहे. २०१२ च्या संगीत विरुद्ध हरियाणा राज्य या निर्णयात न्यायालयाने म्हटले, की या दोन बाबी भिन्न जातीच्या आहेत. एक अपराधाविषयी व दुसरी अपराध्याविषयी असल्याने त्यांची परस्पर वजाबाकी करणे बरोबर नाही. बालकाच्या हत्येतील क्रौर्यातून आरोपीचे हलाखीचे बालपण वजा करता येत नाही. त्याचप्रमाणे क्रौर्य कितीही मोठे असले, तरी त्यावरून आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे असे आपोआप सिद्ध होत नाही. योग्य क्रम असा, की प्रथम अपराधाचे स्वरूप देहान्त शिक्षेस पात्र ठरण्याइतके आहे काय ते पाहावे आणि नंतर स्वतंत्रपणे आरोपीविषयीचा पुरावा तपासून दुसरा पर्याय खरोखरच बंद झाला आहे काय ते ठरवावे.

एखाद्या निर्णयात ही तपासणी नीट झाली किंवा नाही, हे निकालपत्रातील शिक्षेच्या भागावरून ओळखता येते. तेथे केवळ अपराधाचे वर्णन पुन्हा केलेले असेल व आरोपीविषयी ‘गरीब आहे, वृद्ध आईवडील आहेत’ एवढेच वाक्य असेल, तर दुसऱ्या बाजूची चौकशी झालेली नाही असे समजावे. दोषसिद्धी आणि शिक्षा एकाच दिवशी दिलेली असणे, हेही एक लक्षण होय. कारण एका दिवसात कोणाच्या आयुष्याची माहिती गोळा होत नाही. कारागृहाचा अहवाल ‘वर्तन समाधानकारक’ या दोन शब्दांत संपत असेल किंवा मानसिक तपासणी आरोपी खटल्यास सक्षम आहे एवढ्यावरच थांबत असेल, तर कार्यपद्धतीचे केवळ बाह्य रूप पाळले गेले असे म्हणावे लागते. शिक्षेच्या सुनावणीसाठी आरोपीस खरा व पुरेसा वेळ मिळणे म्हणजे काय, याविषयी निर्णयांत एकवाक्यता नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२२ रोजी हा प्रश्न घटनापीठाकडे पाठविला.

भारतीय विधी आयोगाने १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात देहान्त शिक्षा ठेवावी असे मत दिले होते. २०१५ च्या दोनशे बासष्टाव्या अहवालात त्याने दहशतवाद व देशाविरुद्धचे युद्ध वगळता ती रद्द करावी, अशी शिफारस केली. दुर्मिळातील दुर्मिळ तत्त्वाचा वापर एकसारखा होत नाही, हे तिचे एक कारण होते. मात्र ती शिफारस कायद्यात उतरली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ ने खुनासाठी देहान्त शिक्षेचा पर्याय कायम ठेवला आहे आणि महाराष्ट्रात पुण्यातील येरवडा व नागपूर येथील मध्यवर्ती कारागृहांत फाशीची व्यवस्था आहे. नागपूर कारागृहात ३० जुलै २०१५ रोजी मुंबई बाँबस्फोट खटल्यातील याकूब मेमन यास फाशी देण्यात आली. शिक्षा कायद्यात असेपर्यंत बच्चन सिंग निर्णयाने शासनावर टाकलेले पुराव्याचे ओझे शासन प्रत्यक्षात उचलते किंवा नाही, यावरच या तत्त्वाची सार्थकता अवलंबून राहील.